नवस फेडतात, नैवेद्य दाखवतात

पुण्यात बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीच्या दर्शनाला दोन बायका नारळ घेऊन आल्या आहेत, असं समजू. मुलाला नोकरी लागली तर पाच नारळ वाहीन, असं पहिली बोलली होती आणि नोकरी लागली. दुसरी फक्त शुक्रवार म्हणून आली आहे. नारळ सारखेच, पण पहिली नवस ‘फेडते’ आहे. कर्जही आपण फेडतोच. दुसरीच्या नारळाला हे क्रियापद लागत नाही.

१८७१ साली एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने मांडलं, की बळी म्हणजे माणूस सरदाराला नजराणा देतो तसा देवाला दिलेला नजराणा. नवसाला हे चपखल बसतं. आपल्या तैत्तिरीय संहितेतही यजमान इंद्राला सरळ म्हणतो, ‘देहि मे ददामि ते’. तू मला दे, मी तुला देतो. नवसात आधी देवाने द्यायचं एवढाच फरक. काम झालं नाही, तर देणंही लागत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ च्या सुमारास दाखवलं, की भेटीला तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. शेजारणीचा डबा आपण रिकामा पाठवत नाही, तो यामुळेच. पण तिने दिलेला शिराच पाच मिनिटांत परत धाडला तर? ती दुखावेल. परतभेट वेगळी हवी आणि थोड्या काळाने हवी, तीच वस्तू लगेच परत करणं म्हणजे नाकारणं, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दियू यांनी नेमकं टिपलं.

आता घरचा नैवेद्य आठवा. ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, की तेच ताट आपल्यापुढे येतं. देवाणघेवाणीच्या हिशेबाने हा नकारच ठरेल, पण आपल्याला तो प्रसाद वाटतो. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स बॅब यांनी छत्तीसगडच्या अभ्यासावरून १९७५ साली म्हटलं, की प्रसाद म्हणजे देवाचं उष्टं. ते खाऊन भक्त आपलं धाकटेपण मान्य करतो. सी. जे. फुलर या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांच्या मते इथे परतफेड होतच नाही, देवाच्या संपर्काने अन्नच पालटतं. मला फुलर जवळचे वाटतात, कारण प्रसादाला ‘उष्टं’ म्हटलेलं मराठी घरात मी ऐकलेलं नाही. शिवाय नैवेद्य आपण ‘दाखवतो’. देतो म्हणतच नाही.

पण मग पहिल्या बाईचं काय? तिचे नारळ वाढवले, की त्यांतल्याही काही वाट्या प्रसाद म्हणून तिच्याच पिशवीत येतात. घेणेकऱ्याने फेडीतलाच वाटा ऋणकोला परत द्यावा, हे टायलरच्या नजराण्यात कुठेच बसत नाही. घरी जाऊन ती तेच खोबरं जिन्यातल्या सगळ्यांना वाटते, ज्यांनी काहीच बोललेलं नव्हतं त्यांनाही.