पेटी कॅश, कर्मचाऱ्याचा ॲडव्हान्स आणि पैसे घेणाऱ्याचं हरवलेलं नाव

ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यातल्या पेटी कॅशवर लिहायचं तर सुरुवात व्हाउचरपासून करावी लागते, कारण आजच्या पडद्यावरची प्रत्येक चौकट त्या कागदी व्हाउचरवरून आलेली आहे. तारीख, रक्कम, कशासाठी, पैसे कोणी घेतले, मंजुरी कोणाची. खाली विभागप्रमुखाची सही, अकाउंट्सची सही, कॅशियरची सही. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही (२००४ च्या आधी ही मर्यादा पाचशेचीच होती). सरकारी कार्यालयांत याच पद्धतीला स्थायी अग्रिम म्हणतात: ठरलेली रक्कम हातात ठेवायची, खर्चाची व्हाउचरं जमा झाली की तेवढीच रक्कम पुन्हा भरून घ्यायची. शिल्लक रोख आणि व्हाउचरं यांची बेरीज केव्हाही मोजली तरी ठरलेल्या रकमेइतकीच भरली पाहिजे. खासगी कारखान्यांनीही इम्प्रेस्ट म्हणून हेच उचललं.

या व्हाउचरवरच्या पाच गोष्टींपैकी चार संगणकात नीट गेल्या. ‘पैसे कोणी घेतले’ ही एक गोष्ट मात्र वाटेत हरवली. ती कशी हरवली आणि परत आणायला इतकी वर्षं का लागली, याचीच ही पार्श्वभूमी.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे, औरंगाबाद, नाशिक पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत सॅपसारखी ईआरपी येऊ लागली, तेव्हा अंमलबजावणीच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास यायचा: कर्मचाऱ्याला खात्यांमध्ये कुठे बसवायचं? जुन्या पद्धतीत ‘कर्जे व आगाऊ रकमा’ या गटाखाली प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक खातं असायचं. ईआरपीत हजार कर्मचाऱ्यांची हजार खाती मुख्य खातेवहीत उघडणं कोणालाच नको होतं. मग बहुतेक ठिकाणी एकच निर्णय झाला: कर्मचाऱ्याला व्हेंडर करायचं. पुरवठादारांसाठी तयार असलेली सगळी यंत्रणा फुकटात मिळत होती. देणं, आगाऊ रक्कम, येणी-देणी किती जुनी आहेत हे दाखवणारा वयोमान अहवाल, बँकेतून आपोआप पेमेंट, सगळंच. एचआरच्या नोंदीवरून व्हेंडरची नोंद तयार करणारा PRAA हा प्रोग्रामही सॅपमध्ये त्यासाठीच आहे.

या निर्णयावर आजही वाद होतो, आणि दोन्ही बाजूंना खरे मुद्दे आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात, कर्मचाऱ्याकडून येणं किती आणि त्याला देणं किती हे एकाच जागी दिसतं. जुना ॲडव्हान्स न मिटवता नवा मागणाऱ्याला रोखता येतं. हे खरंच आहे. पण व्हेंडर म्हणजे कंपनीला माल किंवा सेवा देणारा. कर्मचारी तो नसतो. माल दुकानदार देतो, जागा हॉटेल देतं, गाडी टॅक्सीवाला देतो. कर्मचाऱ्याच्या नावावर सेटलमेंट टाकली की हे तिघेही नोंदीतून गायब होतात आणि समोर उरतो फक्त कर्मचारी. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यातला सर्व्हिस इंजिनिअर वडोदऱ्याला ग्राहकाकडे मशीन दुरुस्तीला जातो. प्लँट हेड तीस हजारांचा ॲडव्हान्स मंजूर करतात, रक्कम त्याच्या बँक खात्यात जाते. ही नोंद व्हेंडरच्या साध्या बाजूला होत नाही. आगाऊ रक्कम म्हणून ती सॅपच्या स्पेशल जीएलमध्ये, म्हणजे नेहमीच्या देण्यापासून वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, बसते. परत आल्यावर तो हिशेब देतो: हॉटेल ७,८०० रुपये, टॅक्सी ४,२००, आणि मशीनसाठी तातडीने रोखीत घेतलेले सुटे भाग १४,५००. एकूण २६,५००. उरलेले ३,५०० तो परत भरतो.

अकाउंट्समधला माणूस FB60 या बिल नोंदवायच्या पडद्यावर २६,५०० चं बिल इंजिनिअरच्या नावावर टाकतो. काम संपलं असं वाटतं, पण संपलेलं नसतं. ॲडव्हान्स स्पेशल जीएलमध्ये उघडाच आहे आणि बिल साध्या बाजूला देणं म्हणून उभं आहे. दोघांना भिडवण्यासाठी सॅपमधला F-54 हा व्यवहार करावा लागतो. ते राहिलं, तर FBL1N हा व्हेंडरच्या नोंदींचा पडदा उघडल्यावर नुसत्या नेहमीच्या नोंदी दिसतात आणि कंपनीच इंजिनिअरला २६,५०० देणं लागते असं चित्र उभं राहतं. ‘Special G/L transactions’ या चौकटीत खूण केल्याशिवाय ते तीस हजार दिसतच नाहीत. त्या आठवड्यात F110 चा पेमेंट रन लागला आणि सेटिंगमध्ये आगाऊ रकमा वळत्या करण्याची सोय केलेली नसली, तर २६,५०० रुपये त्याच माणसाच्या खात्यात पुन्हा जातात. बिल टाकताना आगाऊ रक्कम शिल्लक असल्याचा इशारा पडद्यावर येतो, पण रोज शंभर बिलं टाकणारा एंटर दाबून पुढे जातो. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या कर्मचाऱ्याच्या नावावर उघडा ॲडव्हान्स आणि उघडं देणं दोन्ही एकाच वेळी दिसतात, त्याची सेटलमेंट अर्धवट आहे.

ही चूक निदान सापडते आणि दुरुस्तही होते. त्याच उदाहरणातले १४,५०० रुपये मात्र F-54 नीट झाल्यावरही अडचणीचेच राहतात. सुटे भाग एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले आहेत. सकाळी ८,००० चं बिल, दुपारी आणखी भाग लागले म्हणून ६,५०० चं दुसरं.

इथे आयकराचा भाग येतो. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४०अ(३) मोठे रोख खर्च नामंजूर करत असे, म्हणजे उत्पन्नातून वजा करू देत नसे; १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते आलं तेव्हा मर्यादा अडीच हजारांची होती. पुढे ती वाढत वीस हजारांवर गेली. २००८ च्या वित्त कायद्याने एक बदल केला, जो ईआरपीवाल्यांनी वेळेत मनावर घेतला नाही: मर्यादा एका पेमेंटला नव्हे, तर एका व्यक्तीला एका दिवसात दिलेल्या एकूण रोख रकमेला लागू झाली. पुढे नोटाबंदीनंतरच्या अर्थसंकल्पात, १ एप्रिल २०१७ पासून, ती दहा हजारांवर आली. माल वाहून नेणाऱ्यांसाठी पस्तीस हजारांची वेगळी मर्यादा कायम राहिली.

ईआरपीतली तपासणी मात्र एकेका व्हाउचरवरच राहिली. पेटी कॅशच्या पडद्यावर दहा हजारांच्या वरची रक्कम अडवायची, एवढंच बहुतेक ठिकाणी केलं गेलं. आपल्या इंजिनिअरची दोन्ही बिलं दहा हजारांच्या आत, म्हणून कुठेच अडली नाहीत. कायद्याच्या हिशेबाने मात्र त्या दिवशी त्या दुकानाला १४,५०० रोख गेले आणि मर्यादेवरचे ४,५००च नव्हे, तर पूर्ण १४,५०० खर्च म्हणून नामंजूर होतात. १९६१ च्या कायद्याखाली टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्ममध्ये २१(ड) खाली ते दाखवावे लागत. हीच रक्कम त्याने यूपीआयने दिली असती तर प्रश्नच उद्भवला नसता. यूपीआय मान्य इलेक्ट्रॉनिक माध्यमांत आहे.

आता गंमत अशी की कंपनीने इंजिनिअरला दिलेला ॲडव्हान्स बँकेतूनच गेला आहे, आणि नोंदीत तो एकटाच ‘व्हेंडर’ आहे. म्हणून कित्येक अकाउंट्स विभाग सांगत राहिले की आमचं पेमेंट रोखीत झालंच नाही. मालकाच्या वतीने रोखीने पैसे द्यावे लागणाऱ्या एजंटला दिलेली रक्कम त्याच कायद्याखालच्या आयकर नियम ६डीडीच्या अपवादांमध्ये होती, त्याचाही आधार घेतला गेला. ऑडिटर बहुतेकदा हे मानत नाहीत. कर्मचारी कंपनीसाठी खरेदी करतो तेव्हा दुकानदाराला पैसे कंपनीनेच दिले असं ते धरतात, आणि मला त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं. ॲडव्हान्स देणं हा खर्चच नव्हे. खर्च होतो तो दुकानाच्या काउंटरवर. तपासणीही तिथेच लागायला हवी, आणि तिथे कोणाला पैसे गेले हे सेटलमेंटमध्ये लिहिलेलं नसेल तर लागू शकत नाही.

जीएसटीने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने पुढे आणला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या मालावर किंवा सेवेवर घेणाऱ्याने स्वतः कर भरायचा होता. दिवसाला सर्व अशा पुरवठादारांची मिळून पाच हजारांपर्यंत सूट. म्हणजे प्रत्येक पेटी कॅश व्हाउचरवर पुरवठादार नोंदणीकृत आहे का हे लिहिणं, आणि सगळ्या शाखांची, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सेटलमेंटची दिवसवार बेरीज करणं आलं. चहावाल्याचं बिल आणि पंक्चरचं बिल एकत्र मोजावं लागलं. १३ ऑक्टोबर २०१७ ला ही तरतूद स्थगित झाली आणि अनेकांनी नवे रकाने काढून टाकले. ज्यांनी ते ठेवले त्यांना पुढे फायदा झाला, कारण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घ्यायचं तर बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि नोंदीत पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक लागतोच. आपल्या इंजिनिअरच्या हॉटेल बिलावर मात्र तोही उपयोगाचा नाही: कर गुजरातचा लागतो, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तो खर्चातच धरावा लागतो.

मंजुरीच्या पायऱ्याही याच काळात बदलल्या, पण दिशा चुकली असं मला वाटतं. सगळा भर ॲडव्हान्स देतानाच्या मंजुरीवर राहिला: पाच हजारांपर्यंत सुपरवायझर, पंचवीसपर्यंत विभागप्रमुख, त्यावर प्लँट हेड, अशा शिड्या. सेटलमेंट मंजूर ॲडव्हान्सच्या आत असेल तर ती सरळ अकाउंट्सकडे जाते, वरिष्ठ तिच्याकडे पाहतही नाही. खर्च कसा झाला हे कळतं सेटलमेंटमध्ये, आणि तिथेच मंजुरी सगळ्यांत पातळ आहे. अलीकडे चांगल्या व्यवस्थांमध्ये मागितलेली रक्कम आणि मंजूर झालेली रक्कम हे दोन वेगळे रकाने असतात, आणि ओळीओळीला पुरवठादाराचं नाव, बिल क्रमांक, तारीख व रोख की डिजिटल हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

रोख ओळींची पुरवठादार आणि तारखेप्रमाणे बेरीज करणारी तपासणी पेटी कॅश व सर्व कर्मचाऱ्यांच्या सेटलमेंटवर एकत्र चालवावी लागते. एकेका फॉर्मपुरती चालवली तर दोघा इंजिनिअरांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी केलेली खरेदी सुटते. नोंदणीकृत दुकान जीएसटी क्रमांकावरून जुळतं. नोंदणी नसलेलं दुकान एक जण ‘गणेश हार्डवेअर’ लिहितो, दुसरा ‘श्री गणेश’, तिसरा नुसतं ‘हार्डवेअर, स्टेशन रोड’. काही कंपन्या अशा दुकानांसाठी बिलावरचा मोबाइल क्रमांक सक्तीचा करतात. ज्या बिलावर तोही नाही, अशा रोख ओळीला वेगळी खूण करून महिनाअखेरीस हाताने पाहणं, हाच सध्या उरलेला मार्ग आहे.