गुण वाढले, पण नेमके कुठे?

महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के लागला, 2019 मध्ये तो 77.10 टक्क्यांवर घसरला आणि 2020 मध्ये 95.30 टक्क्यांवर चढला. पैकीच्या पैकी, म्हणजे 100 टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी या तीन वर्षांत अनुक्रमे 125, 20 आणि 242 होते. लाखो मुलांची एक अख्खी पिढी एका वर्षापुरती अभ्यासात मागे पडली आणि पुढच्याच वर्षी सावरली, असे घडणे अशक्यच आहे. इतक्या मोठ्या समूहाची सरासरी तयारी वर्षभरात एवढी हलत नाही. बदलले होते ते मोजमाप. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे 20 गुणांचे तोंडी व अंतर्गत मूल्यमापन रद्द होऊन पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा झाली होती, आणि पुढच्या वर्षी ते 20 गुण परत आले. 2019 मध्ये दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता आणि 2020 मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्यामुळे सगळा फरक त्या 20 गुणांच्या पदरी टाकता येणार नाही. तरीही नियम बदलताच आकडा खाली येतो आणि नियम परतताच तो वर जातो, ही खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्या 20 गुणांचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही भाग मिळून 35 गुण लागत असतील आणि शाळेने अंतर्गत मूल्यमापनात 18 गुण दिले असतील, तर लेखी परीक्षेत 80 पैकी फक्त 17 गुण पुरतात. म्हणजे लेखी पेपराचा जेमतेम पाचवा हिस्सा. तोच विद्यार्थी 100 गुणांच्या लेखी परीक्षेला बसला की त्याला पेपराच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग सोडवावा लागतो. दोन्ही वर्षी प्रमाणपत्रावर शब्द एकच असतो, ‘उत्तीर्ण’, पण त्याचा अर्थ निराळा असतो. विद्यार्थ्यांची समज तेवढीच राहून गुण किंवा श्रेणी वर सरकत जाणे, यालाच गुणफुगवटा म्हणतात.

बोर्डाच्या निकालात हा बदल एका टप्प्यात झाला म्हणून डोळ्यांना दिसला. महाविद्यालयातल्या एखाद्या विषयात मात्र फुगवटा दरसाल दीड-दोन गुणांनी येतो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. तो पकडायचा असेल तर एकाच विषयाचे पाच-सात वर्षांचे गुण शेजारी शेजारी मांडावे लागतात, आणि मांडताना सरासरीवर थांबून चालत नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा आग्रह मी जरा जास्तच धरतो. पण सरासरी 10 गुणांनी वाढली एवढे कळल्याने ती का वाढली याचा काहीच पत्ता लागत नाही. गुणांच्या वितरणाचा कोणता भाग हलला, हे पाहिले की कारणाची दिशा दिसू लागते.

समजा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विषय आहे, दरवर्षी त्याला 120 विद्यार्थी बसतात, आणि गुणांची विभागणी अंतर्गत 40 व लेखी 60 अशी आहे. पुढचे आकडे मी समजावून सांगण्यासाठी मांडले आहेत, पण त्यांचा आकार माझ्या ओळखीचा आहे. प्रत्येक वर्षाच्या विद्यार्थ्यांना गुणांप्रमाणे खालून वर अशा रांगेत उभे करायचे आणि त्या रांगेतल्या ठरावीक जागांवरचे गुण टिपायचे: खालून बारावा, तिसावा, साठावा म्हणजे मधला, नव्वदावा आणि एकशे आठवा. 2017 मध्ये या जागांवर 38, 47, 57, 66 आणि 75 गुण आहेत, तर 2023 मध्ये 50, 58, 67, 74 आणि 81. म्हणजे तळाशी 12 गुणांची वाढ आहे, मध्यावर 10 आणि वरच्या टोकाला फक्त 6.

ही उतरती वाढ बरेच सांगून जाते. शिकवण्याची पद्धत सुधारली तर अनेकदा मधली मुले अधिक पुढे सरकतात. पेपर सोपा निघाला तर मधल्या आणि वरच्या मुलांना लाभ होतो, आणि अगदी वर 100 च्या छतापाशी गर्दी होते. तळाच्या मुलांना सर्वांत जास्त वाढ मिळाली असेल तर कुठेतरी किमान गुणांचे आश्वासन तयार झाले असावे, असा पहिला संशय घ्यावा. हा संशयच आहे, पुरावा नव्हे; कारण कच्च्या मुलांसाठी जादा तास घेतले तरीही तळ असाच उचलला जातो. म्हणून पुढची पायरी म्हणजे एकूण गुण फोडून पाहणे.

फोडल्यावर चित्र असे दिसते. लेखी परीक्षेत रांगेतल्या मधल्या विद्यार्थ्याचे गुण 2017 मध्ये 32 होते आणि 2023 मध्येही 32 च आहेत. अंतर्गत मूल्यमापनात मात्र मधला आकडा 25 वरून 35 वर गेला आहे. त्याहून बोलका आहे तो पसारा: खालून बारावा आणि एकशे आठवा यांच्यातले अंतर 2017 मध्ये 18 ते 32 असे 14 गुणांचे होते, ते 2023 मध्ये 32 ते 38 असे 6 गुणांवर आले आहे. याचा अर्थ असा की अंतर्गत गुण आता विद्यार्थ्यांमध्ये जवळजवळ भेदच करत नाहीत; हजेरीपटावर नाव आहे म्हणून 32 गुण पदरात, अशी त्यांची स्थिती झाली आहे. जादा तासांनी तळ उचलला असता तर त्याचा थोडा तरी अंश लेखी परीक्षेत उमटला असता.

आणखी एक तपासणी इथे उपयोगी पडते. आलेखकागदावर आडव्या अक्षावर प्रत्येकाचे लेखी गुण आणि उभ्या अक्षावर अंतर्गत गुण घेऊन 120 ठिपके द्यावेत. 2017 च्या आलेखात ठिपके डावीकडून उजवीकडे चढत जातात, कारण लेखीत चांगला असणारा विद्यार्थी चाचण्यांत आणि प्रकल्पातही साधारण चांगला असतो. 2023 मध्ये ठिपक्यांचा वरच्या कडेला एक आडवा पट्टा झालेला दिसतो. या पट्ट्यामुळे वर्गातला क्रम फारसा बदलत नाही, तो लेखीच ठरवते. त्यामुळे पहिल्या आलेल्या मुलीला अन्याय जाणवत नाही आणि तक्रारही होत नाही. बदलते ते प्रथम श्रेणीची रेषा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण, आणि ते मोजायला कोणी बसलेले नसते.

दोनच वर्षांची तुलना करणाऱ्यांना एक सावधगिरी सांगायला हवी. विद्यार्थ्यांचे गुण साधारण 14 गुणांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सरासरीपासूनच्या सर्वसाधारण अंतराने, पसरलेले असतील, तर 120 जणांच्या दोन तुकड्यांच्या सरासरींत, काहीही बदललेले नसताना, निव्वळ योगायोगाने 3-4 गुणांचा फरक पडू शकतो. एखादी तुकडी हुशार निघते, एखादी नाही. म्हणून एका वर्षाच्या उडीवरून कोणाकडे बोट दाखवू नये. सलग सहा-सात वर्षे एकाच दिशेने सरकणारे आकडे मात्र योगायोगाचे नसतात.

उत्तीर्णतेची रेषा 40 गुणांवर असेल, तर तिच्यापाशी वेगळाच आकार दिसतो. प्रत्येक गुणावर किती विद्यार्थी आहेत याचा स्तंभालेख काढला की 36 ते 39 या जागा ओस आणि 40 वर एकदम उंच मनोरा, असे दृश्य अनेक निकालांत असते. ग्रेस गुणांचा तो ठसा आहे, आणि तो आपल्याकडेच दिसतो असेही नाही. पोलंडच्या मातुरा या शालान्त परीक्षेत 30 टक्क्यांच्या रेषेपाशी असाच खड्डा आणि मनोरा उमटलेला आहे. मात्र मनोरा असणे म्हणजे फुगवटा वाढणे नव्हे. दरवर्षी तो तेवढाच उंच असेल तर ती जुनी, स्थिर सवलत आहे. खड्डा डावीकडे रुंदावत गेला, म्हणजे आधी दोन गुण कमी पडणाऱ्याला आणि आता पाच गुण कमी पडणाऱ्याला वर ओढले जाऊ लागले, तर सवलत वाढते आहे.

येणारी मुलेच अधिक तयारीची असतील तर काय, हा आक्षेप योग्य आहे. त्यासाठी प्रवेशाच्या वेळचे बारावीचे गुण पाहावेत असे सुचवले जाते, पण ती फूटपट्टीही ताणली जाणारी आहे. 2023 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाची परीक्षा देणारे बहुतेक विद्यार्थी 2021 मध्ये बारावी झालेले आहेत, आणि त्या वर्षी महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षाच न होता निकाल 99.63 टक्के लागला होता. आदल्या वर्षी तो 90.66 टक्के होता. त्या गुणांच्या आधारे ही तुकडी अधिक हुशार ठरवणे म्हणजे एका फुगवट्याने दुसऱ्याचे समर्थन करणे होय.

म्हणून न बदलणारे काहीतरी हाताशी हवे. इंग्लंडमध्ये 2017 पासून राष्ट्रीय संदर्भ चाचणी घेतली जाते: शाळांच्या एका नमुन्यातल्या मुलांना इंग्रजी आणि गणिताचे तेच ते प्रश्न दरवर्षी दिले जातात आणि ते बाहेर फुटू दिले जात नाहीत. एका विभागाला एवढा खटाटोप शक्य नसतो, पण लहान प्रमाणावर त्याची नक्कल करता येते. एखादा 8 गुणांचा प्रश्न 2017 आणि 2023 या दोन्ही वर्षी शब्दशः सारखा आला असेल, तर त्याची दोन्ही वर्षांची तीस-तीस उत्तरे काढावीत, त्यांवरचे साल, गुण आणि तपासनिसाच्या खुणा झाकून छायाप्रती कराव्यात, सगळ्या एकत्र मिसळाव्यात आणि एकच आदर्श उत्तर समोर ठेवून नव्याने तपासून घ्याव्यात.

समजा, मूळ तपासणीत या प्रश्नाची सरासरी 2017 मध्ये 4.1 आणि 2023 मध्ये 4.9 होती, आणि साल झाकून तपासल्यावर दोन्ही गठ्ठ्यांची सरासरी 4.8 आली. जुन्या उत्तरांना आता 0.7 गुण जास्त मिळाले. तीच उत्तरे, तेच अक्षर, फक्त तपासणाऱ्याचा हात सैल झाला. तीच साठ उत्तरे दोनदा तपासलेली असल्यामुळे हा निष्कर्ष थोड्या उत्तरांवरही पक्का ठरतो. दोन्ही तुकड्यांची समज सारखीच होती, हा दुसरा निष्कर्ष मात्र कच्चा राहतो, कारण वेगवेगळ्या तीस-तीस मुलांच्या सरासरींत एका गुणापर्यंत फरक योगायोगानेही दडू शकतो; शिवाय जुना प्रश्न क्लासच्या नोट्समध्ये पोचला असेल तर 2023 च्या मुलांना तो पाठही असू शकतो.

या प्रयोगाने आधीच्या एका समाधानालाही तडा जातो. लेखीचा मधला आकडा 32 वर स्थिर आहे म्हणून लेखी भाग निरोगी आहे, असे आपण धरून चाललो होतो. तपासणी सैल झालेली असूनही आकडा तिथेच राहिला असेल, तर एक तर उरलेला पेपर अवघड झाला आहे किंवा उत्तरे कमकुवत झाली आहेत. यांतले कोणते खरे, हे कळायला असे आणखी चार-पाच समान प्रश्न लागतील, आणि त्यांची जुनी उत्तरेही. उत्तरपत्रिका निकालानंतर ठरावीक मुदतीने नष्ट केल्या जातात. दरवर्षी त्यांतल्या तीस निवडून कपाटात ठेवल्या, तर सात वर्षांनी हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती काहीतरी असेल.