कढीपत्ता व सुक्या लाल मिरच्या : कुरकुरीत तळण

तयार पदार्थावर वरून पसरण्यासाठी कढीपत्त्याची पाने आणि सुक्या लाल मिरच्या गरम तेलात काही सेकंद तळून, निथळून कुरकुरीत करण्याची ही स्वयंपाकातील एक कृती आहे. फोडणीतही हेच दोन जिन्नस पडतात, पण तेथे पान आणि मिरची यांचा स्वाद तेलात उतरावा, अशी अपेक्षा असते, आणि स्वाद उतरल्यावर ते पान मऊ राहिले की कडक झाले याची फारशी फिकीर कोणी करत नाही. येथे हेतू नेमका उलटा आहे : स्वाद शक्यतो पानातच राहावा, पाणी मात्र निघून जावे, आणि दाताखाली पान मोडल्याचा आवाज यावा. त्यामुळे तेल अधिक लागते, वेळ मोजावा लागतो आणि जिन्नस बाहेर काढण्याला तेलात सोडण्याइतकेच महत्त्व येते.

या कृतीतील बहुतेक चुका दोन्ही जिन्नस एकदम तेलात टाकल्यामुळे होतात. ताज्या कढीपत्त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असते, तर नीट वाळलेल्या मिरचीत ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. तेल १६५ अंश सेल्सिअस असले तरी पानात पाणी आहे तोवर पानाचा आतला भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे पाणी हेच पानाचे संरक्षण आहे. मिरचीला असे संरक्षण जवळजवळ नाही. तिची पातळ साल लगेच तेलाच्या तापमानाला पोहोचते आणि सालीतील साखर करपू लागते. ज्या तेलात पान वीस सेकंदांत छान कडक होते, त्याच तेलात तेवढ्याच वेळात मिरची काळी पडते. मिरचीला जपण्यासाठी तेल कमी तापवले, तर पान तेल पिऊन लोळागोळा होते. म्हणून दोन्ही एकाच कढईत, पण वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या तापमानाला तळावेत.

पूर्वतयारीत पाने कोरडी करण्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. पाने डहाळीवरून ओरबाडून काढली की देठाकडचा भाग फाटतो, म्हणून ती एकेक करून खुडावीत, धुवावीत आणि स्वच्छ फडक्यावर एका थरात पसरून तास-अर्धा तास ठेवावीत. पानाच्या आतल्या पाण्याचे भय नाही, ते बारीक बुडबुड्यांनी सावकाश बाहेर पडते. भय आहे ते पानावर राहिलेल्या थेंबाचे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने थेंब तेलाच्या खाली जातो, तेथे त्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या हजारपटीहून अधिक जागा मागत वरचे तेल उडवून देते. दोन पाने एकमेकांना चिकटली असतील तर त्यांच्यामधला ओलावा फडक्याने टिपून घ्यावा, कारण सहसा तोच राहून गेलेला असतो. फार कोवळी पाने तळल्यावर आक्रसून काळपट होतात आणि फार जून पानांची मधली शीर चिवट राहते, म्हणून पूर्ण वाढलेली, पण अजून लवचीक असलेली पाने यासाठी घ्यावीत.

मिरची बोटांत दाबली असता खुळखुळली पाहिजे. दमट हवेत राहिलेली मिरची चामड्यासारखी वाकते, आणि ती तशीच तळली तर बाहेरून करपूनही आत चिवट राहते. अशी मिरची आधी उन्हात किंवा मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर काही मिनिटे ठेवून कोरडी करावी. देठ काढू नये. देठ तुटला की पोकळीत तेल शिरते आणि बिया कढईत सांडून करपतात. मात्र पूर्ण बंद मिरचीतील हवा तापून प्रसरण पावते व मिरची फुटू शकते, म्हणून टोकाला कात्रीने बारीकशी चीर द्यावी. पुढे निथळताना याच चिरेचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष कृती एका उदाहरणातून पाहू. एक वाटीभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर तेल, दोन डहाळ्यांची मिळून तीसेक पाने आणि सहा मिरच्या असा हा प्रमाणात बसणारा घाणा आहे. कढई लहान व खोलगट घ्यावी, म्हणजे एवढ्या तेलातही पाने बुडतात. तेल शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे, उग्र वास नसलेले असावे. आच मध्यम ठेवून तेल १६० ते १७० अंशांपर्यंत तापवावे. तापमापक असल्यास त्याचे टोक तेलात बुडलेले, पण कढईच्या तळाला न टेकलेले असावे, नाहीतर तो तेलाऐवजी धातूचे तापमान दाखवतो. तापमापक नसेल तर एक पान सोडून पाहावे. ते लगेच बारीक बुडबुड्यांनी वेढले जाऊन वर तरंगले तर तेल तयार आहे. बुडबुडे आळसावल्यासारखे एकेक येत असतील तर तेल थंड आहे. पानाच्या कडा तीन-चार सेकंदांतच तपकिरी झाल्या तर तेल फार तापले आहे, आणि अशा वेळी पाने घालण्याऐवजी आच बंद करून थांबावे.

तेल तयार झाले की सर्व पाने झाऱ्यावर घेऊन कढईच्या कडेने सोडावीत आणि हात मागे घ्यावा. पहिली पाच-सात सेकंद तेल जोरात फसफसते व चर्र असा आवाज येतो. याच वेळी तेलाचे तापमान उतरते. तीस पानांतील पाण्याची वाफ होण्यास लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडला, तर वाटीभर तेल दहा-बारा अंशांनी खाली येते. पाने दुप्पट घातली तर घसरणही दुप्पट होते आणि तेल कुरकुरीतपणा देणाऱ्या पट्ट्याच्या खाली जाते. एका घाण्यात ‘अजून मूठभर’ न घालण्याचे कारण हेच आहे. साधारण दहाव्या सेकंदानंतर बुडबुडे विरळ होऊ लागतात, आवाज चर्रवरून हलक्या तडतडीवर येतो, आणि पानाचा मंद हिरवा रंग गडद, काहीसा पारदर्शक व चमकदार होतो. पंधरा ते पंचवीस सेकंदांच्या दरम्यान आवाज जवळजवळ थांबतो. सेकंद हे अंदाजासाठी आहेत. पानाची जाडी आणि त्यातील पाणी बदलले की तेही बदलतात. खरा निकष बुडबुड्यांचाच मानावा, कारण बुडबुडे थांबणे म्हणजे पाणी संपणे, आणि पाणी संपले की पानाचे संरक्षणही संपते. त्यानंतर तेलात राहिलेले पान पाच सेकंदांत तपकिरी व कडवट होते.

पाने काढल्याबरोबर आच बंद करावी. तेलातील पानांचे तुकडे जाळीने काढून टाकावेत आणि साधारण मिनिटभर थांबावे, म्हणजे तेल १४५ ते १५० अंशांवर येते. खात्री करण्यासाठी मिरचीची एक बी तेलात टाकावी. ती बारीक बुडबुडे काढत हळूहळू सोनेरी झाली तर मिरच्या सोडाव्यात, तीन-चार सेकंदांत काळी पडली तर आणखी थांबावे. मिरच्या दहा ते पंधरा सेकंद, सतत उलटत तळाव्यात. येथे बुडबुड्यांचा संकेत मिळत नाही, सर्व भिस्त डोळ्यांवर असते. मिरची आधी फुगते, साल ताणली जाऊन चकाकते, आणि तिचा लाल रंग एक छटा उजळतो. तो गडद होऊ लागण्याच्या आतच, म्हणजे मिरची अजून किंचित कमी तळली आहे असे वाटत असतानाच, ती बाहेर काढावी. सालीतील उष्णतेने ती बाहेरही काही सेकंद तळली जातच असते, आणि मनासारखा रंग कढईतच आला असेल, तर ताटलीत तो हमखास पुढे जातो. करपलेल्या मिरचीचा खाट घशाला लागून ठसका येतो. पण ठसका येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून त्याची वाट पाहू नये.

आधी मिरच्या व मग पाने, असा क्रमही प्रचलित आहे. त्यात तेल एकाच दिशेने तापवत न्यायचे असल्याने तो सोयीचा वाटतो. तथापि मिरचीतील लाल रंगद्रव्य आणि तिखटपणा हे दोन्ही तेलात विरघळतात, त्यामुळे मागून पडणाऱ्या पानांचा हिरवा रंग मळतो आणि गळालेल्या बिया वाढत्या उष्णतेत करपून पानांना चिकटतात. या कारणाने आधी पाने हाच क्रम प्रस्तुत नोंदीत श्रेयस्कर मानला आहे.

निथळणे हा तळण्याचाच शेवटचा टप्पा समजावा. जिन्नस तेलात असताना आतून बाहेर येणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. तो बाहेर काढताच थंड होऊ लागतो, आतली वाफ विरते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. तेलकटपणा बहुतांशी कढईबाहेरच्या या पहिल्या काही क्षणांत येतो. म्हणून पाने झाऱ्यात घेऊन कढईवरच पाच-सहा सेकंद हलवावीत. नीट तळलेली पाने झाऱ्याच्या जाळीवर वाळक्या पाचोळ्यासारखी खळखळतात, आणि हा आवाज आला नाही तर ती लगेच आणखी तीन-चार सेकंद तेलात सोडता येतात. मग ती टिपकागदावर एका थरात पसरावीत आणि अर्ध्या-एक मिनिटाने तारेच्या जाळीवर हलवावीत. तेल प्यायलेल्या कागदावर ती पडून राहिली तर खालच्या बाजूने पुन्हा तेलकट होतात, आणि ढीग केला तर आतल्या पानांची वाफ बाहेरच्या पानांना मऊ करते. छापील वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई तेलात उतरते. मिरच्या मात्र देठ वर व चिरलेले टोक खाली अशा चाळणीच्या कडेला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे पोकळीत शिरलेले तेल चिरेतून गळते.

तळलेली मिरची गरम असताना दाबून पाहिली तर लवचीक लागते. ते कमी तळल्याचे लक्षण नाही. सालीतील साखर गरम असताना मऊ असते व थंड झाल्यावर कडक होते, त्यामुळे कुरकुरीतपणाची परीक्षा दोन मिनिटांनीच घ्यावी. घाईने परत तेलात टाकलेली मिरची बहुधा करपतेच.

मीठ लावायचे असल्यास ते अगदी बारीक असावे आणि पृष्ठभागावर तेलाचा पातळ ओलावा असतानाच भुरभुरावे, नंतर ते चिकटत नाही. साठवायच्या पानांना मात्र मीठ लावू नये, कारण ते हवेतील ओलावा खेचते. पूर्ण थंड झालेली पाने व मिरच्या हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस कडक राहतात. किंचित कोमट असताना झाकण लावले तर झाकणाच्या आत धुके साचते आणि सकाळपर्यंत पाने मऊ पडतात. पातळ पदार्थावर हे तळण वाढण्याच्या क्षणीच पसरावे, रश्श्याचा ओलावा पानाला मिनिट-दोन मिनिटांत मऊ करतो. कढईत उरलेल्या तेलाला पानांचा वास आणि मिरचीचा रंग आलेला असतो. ते गाळून घेतल्यास पुढच्या एक-दोन दिवसांत फोडणीला उपयोगी पडते, पण त्यात करपलेली बी किंवा मिरची पडली असेल तर त्याला कडवटपणा येतो, आणि तो गाळून जात नाही.