बडोद्यातला फ्लॅट विकताय? दस्त करायच्या आधी २४ महिने मोजून घ्या

गोत्री, वासणा-भायली, मांजलपूर ह्या भागांत दोनतीन वर्षांपूर्वी घेतलेले फ्लॅट आता बरेच जण विकायला काढतायत, आणि गिऱ्हाईक मिळालं की सगळ्यांना दस्त उरकायची घाई होते. पण घर, फ्लॅट, प्लॉट ह्यांच्यासाठी इन्कम टॅक्समध्ये २४ महिन्यांची रेघ आहे. फ्लॅट तुमच्याकडे २४ महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर झालेला नफा लाँग टर्म, नाहीतर शॉर्ट टर्म. शेअर बाजारातले शेअर आणि इक्विटी फंड ह्यांना ही रेघ १२ महिन्यांची आहे आणि दरही वेगळे, त्यामुळे "एक वर्ष झालं की लाँग टर्म" असं शेअरवाल्या मित्राने सांगितलं असेल तर ते फ्लॅटला लावू नका.

फरक कुठे पडतो ते सांगतो. शॉर्ट टर्म नफा तुमच्या पगारात किंवा धंद्याच्या उत्पन्नात मिळवतात आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स लागतो. लाँग टर्म नफा बाजूला काढतात आणि त्यावर सरळ १२.५ टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण १३ टक्के.

आकडे घालून बघू. समजा एका नोकरदाराने १० जून २०२३ ला गोत्रीत फ्लॅटचा दस्त केला, किंमत, स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन धरून खर्च ४५ लाख. २०२५ मध्ये तो ५५ लाख ५० हजारांना विकायला काढला, दलाली ५० हजार, म्हणजे हातात ५५ लाख आणि नफा १० लाख. त्याचं टॅक्सेबल उत्पन्न आधीच २४ लाखांच्या वर आहे, नव्या रिजीममध्ये तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. मे २०२५ मध्ये दस्त केला तर १० लाखांवर सेससकट ३ लाख १२ हजार टॅक्स. तोच दस्त जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केला तर १ लाख ३० हजार. गिऱ्हाईक तेच, भाव तोच, महिनाभर थांबल्याने १ लाख ८२ हजारांचा फरक.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर असेल आणि विकणारा भारतात राहणारा असेल तर त्याला अजून एक पर्याय आहे, इंडेक्सेशन लावून, म्हणजे महागाईच्या सरकारी इंडेक्सने खरेदीची किंमत वाढवून, उरलेल्या नफ्यावर २० टक्के. ह्या उदाहरणात २०२३-२४ चा इंडेक्स ३४८ आणि २०२५-२६ चा ३७६, त्यामुळे ४५ लाखांचे साधारण ४८ लाख ६२ हजार होतात, नफा ६ लाख ३८ हजार उरतो आणि टॅक्स सुमारे १ लाख ३३ हजार. म्हणजे इथे साधे १२.५ टक्केच थोडे स्वस्त. नुकत्याच घेतलेल्या फ्लॅटला इंडेक्सेशनचा फार उपयोग होत नाही, जुनं घर असेल आणि भाव हळूहळू वाढला असेल तर मात्र दोन्ही हिशेब करून बघाच. मुलगा अमेरिकेत एनआरआय आहे आणि घर त्याच्या नावावर आहे, तर त्याला हा २० टक्केवाला पर्याय नाही.

आता २४ महिने कधीपासून मोजायचे, खरी भांडणं इथेच होतात. तयार फ्लॅट घेतला असेल तर दस्ताची तारीख, त्यात वाद नाही. बिल्डरकडे बांधकाम चालू असताना बुक केला असेल तर अलॉटमेंट लेटरची तारीख धरावी असे निकाल आहेत, पण ऑफिसर कधी दस्ताची तर कधी कब्जाची तारीख धरायला बघतो. म्हणून अलॉटमेंट लेटरवर फ्लॅट नंबर आणि किंमत स्पष्ट हवी, नुसती बुकिंगची पावती दाखवून काम होईलच असं नाही. अलॉटमेंटपासून २६ महिने आणि दस्तापासून १८ महिने अशी केस असेल तर मी म्हणेन दस्तापासूनचे २४ महिने होऊ द्या, नाहीतर नोटिशीला उत्तर द्यायची तयारी ठेवा.

विकायच्या बाजूला बानाखताची, म्हणजे साठेखताची, गंमत आहे. लोक म्हणतात, "बानाखत आत्ता करू, चावी आत्ता देऊ, दस्त दोन महिन्यांनी, म्हणजे लाँग टर्म होईल." असं होत नाही. बानाखत रजिस्टर केलं, पैसे घेतले आणि कब्जाही दिला तर कायद्याने विक्री त्याच दिवशी झाली असं धरता येतं, मग दस्ताची तारीख काही का असेना. थांबायचंच असेल तर चावीसुद्धा तुमच्याकडेच थांबू दे, आणि चोविसाव्या महिन्याच्या काठावर दस्त ठेवण्यापेक्षा आठदहा दिवस पुढे जा.

वारशाने किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्या घराचं गणित वेगळं. दांडिया बाजारातलं आजोबांचं घर आईच्या नावावर गेल्या वर्षी झालं आणि ती ह्या वर्षी विकतेय, तर शॉर्ट टर्म नाही, आजोबांची वर्षंसुद्धा धरतात. किंमतही आजोबांनी दिलेलीच धरायची, आणि घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत घेता येते, फक्त त्या दिवशीच्या जंत्रीपेक्षा, म्हणजे स्टॅम्प ड्यूटीसाठी सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा, जास्त नाही. त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून ठेवा.

पण "लाँग टर्म म्हणजे नेहमी स्वस्त" हे डोक्यातनं काढा. गुजरातमध्ये बाईच्या नावावर घर घेतलं की रजिस्ट्रेशन फी माफ होते, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत. समजा एका काकूंनी स्वतःच्या पैशांनी, म्हणजे माहेरचे किंवा स्वतःच्या कमाईचे, फ्लॅट घेतला, दुसरं काही उत्पन्न नाही आणि नफा तोच १० लाख. २०२५-२६ मध्ये शॉर्ट टर्ममध्ये विकला तर तो नफा स्लॅबने जातो, एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने नव्या रिजीममध्ये रिबेट मिळते आणि टॅक्स शून्य. तोच लाँग टर्ममध्ये विकला तर ४ लाखांची सूट वजा होऊन ६ लाखांवर १२.५ टक्के, सेससकट ७८ हजार, कारण ह्या खास दराच्या टॅक्सवर रिबेट चालत नाही. म्हणजे काकूंनी थांबून उलट पैसे घालवले असते!

मात्र पैसे काकांनी दिले असतील आणि फ्लॅट नुसता काकूंच्या नावावर असेल तर हा नफा क्लबिंगने काकांच्या उत्पन्नात जातो आणि त्यांच्याच स्लॅबने टॅक्स लागतो. रिबेटचा विचार करायच्या आधी पैसे कोणाच्या खात्यातनं गेले ते बँक स्टेटमेंटमध्ये बघा, दस्तावरचं नाव इथे पुरत नाही. दोघांच्या नावावर असेल तरी ज्याने जितके पैसे घातले तितका नफा त्याचा.

लाँग टर्मचा मोठा फायदा दराशिवाय अजून एक आहे, तो म्हणजे सूट. कलम ५४ खाली नफ्याएवढे पैसे दुसऱ्या राहत्या घरात घातले तर टॅक्स लागत नाही. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधायचं. पूर्ण ५५ लाख घालायची गरज नाही, नफ्याचे १० लाख पुरे. घर घ्यायचं नसेल तर कलम ५४ईसीचे बॉण्ड, सहा महिन्यांच्या आत, जास्तीत जास्त ५० लाख, पैसे पाच वर्षं अडकतात. शॉर्ट टर्मला ह्यातलं काही नाही. घर अजून ठरलं नसेल तर रिटर्नच्या मुदतीआधी ते पैसे बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात टाकावे लागतात. साध्या एफडीत ठेवले तर सूट जाऊ शकते, आणि बरेच जण नेमके तिथेच ठेवतात. नवीन घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला टॅक्स परत अंगावर येतो.

कागदांत पहिल्यांदा खरेदीचा दस्त आणि इंडेक्स-२, अलॉटमेंट लेटर आणि कब्जा पावती असेल तर तीही, मग स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशनच्या पावत्या, दलालीचं बिल, विक्रीचा दस्त आणि पैसे आले-गेले त्याचं बँक स्टेटमेंट. घरात नवीन खोली काढली, किचन पूर्ण बदललं असा खर्च किमतीत धरता येतो, पण बिल हवं, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती चालत नाही. होम लोनचं व्याज आधीच वजावट म्हणून घेतलं असेल तर ते इथे परत धरता येत नाही. वारशाच्या केसमध्ये मृत्यूचा दाखला, वारसाई नोंद आणि मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत जोडून ठेवा. जंत्रीही तपासा, जंत्रीची किंमत दस्तातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर नफा जंत्रीच्या किमतीवर मोजतात, तुम्हाला खरंच कमी पैसे मिळाले असले तरी.

व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून २६क्यूबी फॉर्मने भरतो, आपल्या उदाहरणात ५५ हजार ५०० रुपये. त्याच्याकडनं फॉर्म १६बी मागून घ्या आणि रक्कम तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे टॅक्सच्या उताऱ्यात, दिसतेय का ते बघा, पॅनचा एक आकडा चुकला तर ती दुसऱ्याच्या नावावर जाते आणि दुरुस्त करून घ्यायला घेणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं. विकणारा एनआरआय असेल तर हे १ टक्क्याचं गणित चालत नाही, टीडीएस बराच जास्त कापतात.

रिटर्न भरताना आयटीआर-१ चालणार नाही, धंदा नसेल तर आयटीआर-२ घ्या आणि शेड्यूल सीजीमध्ये भरा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्मचे रकाने वेगळे आहेत, खरेदी-विक्रीच्या तारखा, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, पॅन आणि हिस्सा टाकावा लागतो. मुदत साधारण ३१ जुलै. तोटा झाला असेल तर मुदतीत रिटर्न भरलं तरच तो पुढची आठ वर्षं नेता येतो, शॉर्ट टर्मचा तोटा दोन्ही नफ्यांतनं वजा होतो, लाँग टर्मचा फक्त लाँग टर्ममधनं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या विक्रीला कलमांचे आणि फॉर्मचे नंबर वेगळे असतील, तेव्हा सीएकडे जाताना ५४ की अजून काही ह्यात न अडकता दस्ताच्या तारखा आणि पैशांचा माग घेऊन जा.