टाकाऊ फळ्यांचा पहिला पाट
(वखारीतून तुकडे नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या वखारीच्या दाराशी तुकड्यांचा ढीग असतो. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, चौकटीतून कापून उरलेले सागाचे तुकडे, जुन्या पलंगाच्या पट्ट्या. बरेच जण त्यातलं काही घरी नेतात आणि आठवड्याने विचारायला येतात, "यातून पहिल्यांदा काय करून बघू?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: पाट करा. त्याला सांधे लागत नाहीत, मोठा रंधा लागत नाही आणि लाकूड कसं वागतं ते या एका वस्तूत कळतं. तो कसा करायचा, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

हत्यारं मोजकी लागतात: हातकरवत, लोखंडी गुण्या, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हाताने फिरवायचा ड्रिल, त्याचे २.५ आणि ५ मिमीचे बिट, सागासाठी ३ मिमीचाही, स्क्रूच्या डोक्यासाठी खळगा पाडणारा बिट आणि ८०, १२० व २२० नंबरचा पॉलिश पेपर. शिकंजा नसला तरी अडत नाही. फळी स्टुलावर ठेवून गुडघ्याने दाबली की काम होतं.

तुकडा निवडताना

खोक्याच्या किंवा पॅलेटच्या फळीवर बहुतेक वेळा एक शिक्का असतो. गव्हाच्या लोंबीची खूण, देशाची अक्षरं आणि पुढे दोन इंग्रजी अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड कीड मारण्यासाठी फक्त तापवलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात बसायच्या वस्तूला वापरू नका. शिक्का नसलेल्या फळीवर तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील, उग्र वास येत असेल, तर ती ढिगातच राहू द्या.

जुनं रंगवलेलं लाकूड घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या शेवटी लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते. घरात लहान मूल असेल तर हा धोका अजिबात पत्करू नये.

फळी जमिनीवर आपटून बघा. पिठासारखा बारीक भुगा पडला आणि छोटी गोल भोकं दिसली, तर आत भुंगा आहे. ती फळी घरात नेली तर तो शेजारच्या फर्निचरलाही लागू शकतो.

यानंतर खिळे. दिसणारे खिळे पक्कडीने उपटाल, पण डोकं तुटून आत राहिलेला खिळा करवतीचे दात खातो. म्हणून कापायच्या रेषेवरून एक चुंबक फिरवा. तो ओढला गेला की तिथे लोखंड आहे. खिळा निघत नसेल तर रेष दोन इंच बाजूला सरकवा, करवत वाचेल.

पाऊस आणि फळी

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही वखारीत बसायला एक पाट केला. मे महिना होता. तीन फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून मध्ये गोंद भरला आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्यांनाही गोंद लावून स्क्रू मारले. दिसायला अगदी एकसंध, हाताला कुठे फट लागत नव्हती. जुलैच्या मध्याला तो मधून वर उचलला गेला, बसलं की डुगडुगायला लागला आणि एक फळी स्क्रूच्या रेषेत कडेपर्यंत तडकली. लाकूड वाईट नव्हतं, चूक आमची होती.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदलत नाही. पाईनची १०० मिमी रुंद फळी कोरड्या उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात आली की दीड ते दोन मिमी रुंद होते. अशा तीन फळ्या म्हणजे पाच-सहा मिमी. खालची पट्टी फळ्यांना आडवी असते, म्हणजे तिची लांबी फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने असते, आणि लांबीत ती वाढत नाही. फळ्या पसरू बघतात, पट्टी सोडत नाही. मग फळी एक तर वर उठते किंवा तडकते.

यावर उपाय सोपा आहे. फळ्यांमध्ये फट ठेवायची, गोंद कुठेच लावायचा नाही आणि पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं, म्हणजे फळीला आतल्या आत सरकायला जागा मिळते. उन्हाळ्यात पाट करत असाल तर दोन मिमी फट ठेवा. गणपतीसाठी म्हणून श्रावणात करायला घेतलात तर फळ्या आधीच फुगलेल्या असतात, तेव्हा अर्धा मिमी पुरे. दिवाळीनंतर ती फट आपोआप रुंदावलेली दिसेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

लाकूड मुरलं आहे का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. कापलेला तुकडा तोला, आकडा पेन्सिलीने त्याच्यावरच लिहा, आठ दिवस घरात सावलीत ठेवा आणि पुन्हा तोला. वजन कमी होत असेल तर थांबा. सलग दोनदा आकडा तोच आला की काम सुरू करा.

मापं आणि कापणी

वर तीन फळ्या, प्रत्येकी ४०० मिमी लांब, १०० मिमी रुंद, १८ मिमी जाड. खाली दोन पट्ट्या, प्रत्येकी २८० मिमी लांब, ४० मिमी उंच, ३० मिमी रुंद. आठ नंबरचे दोन इंची स्क्रू, बारा. (सुताराकडून पट्ट्या कापून घेणार असाल तर तो 'सूत' या मापात बोलेल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिमी.)

रेष फक्त वरच्या बाजूला मारू नका. गुण्या लावून ती चारही बाजूंना फिरवा. शेवटची रेष पहिलीला येऊन मिळाली नाही, तर गुण्या फळीच्या कडेला नीट टेकलेला नव्हता किंवा कडच सरळ नाही. रेष आधी पेन्सिलीने आणि मग त्यावरून कटरने हलकीशी ओढा. वरचे तंतू कापले गेले की कडेला चिरफळ्या निघत नाहीत.

करवत रेषेवर नाही, रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवा. अंगठ्याचा आधार देऊन आधी तीन-चार वेळा आपल्याकडे ओढा, म्हणजे खाच पडते, आणि मगच पूर्ण लांबीचे हात मारा. नवशिके जोर लावतात आणि रेष सुटते. करवतीला फक्त मागे-पुढे करायचं, खाली ती तिच्या वजनानेच उतरते. अडकायला लागली तर पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा. शेवटचा इंचभर राहिला की सुटणारा तुकडा डाव्या हाताने धरा, नाही तर तो आपल्या वजनाने मोडतो आणि फळीची कड सोलून नेतो.

जोडणी

तिन्ही फळ्या चांगली बाजू खाली करून सपाट लादीवर ठेवा. ठरवलेल्या फटीएवढ्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे मध्ये सरकवा. दोन्ही टोकांपासून ५० मिमी आत आडव्या रेषा मारा आणि पट्ट्या त्या रेषांच्या आतल्या बाजूला बसवा. दोन्ही बाजूंना पट्टी फळ्यांच्या कडेपासून साधारण १२ मिमी आत राहील. वरून बघताना ती दिसू नये.

प्रत्येक पट्टीत प्रत्येक फळीसाठी दोन, अशी सहा भोकं ५ मिमीच्या बिटने आरपार पाडा. एका फळीवरच्या दोन भोकांत साठेक मिमी अंतर ठेवा. भोकं एका सरळ रेषेत नकोत, एक थोडं अलीकडे आणि एक थोडं पलीकडे घ्या. एका रेषेत घेतली तर पट्टी त्याच रेषेत चिरते. मग डोकी दोन-तीन मिमी आत बसतील एवढे खळगे करा.

इथे बरेच जण अडतात. फळीत स्क्रूसाठी बारीक वाट करायची असते, पण २.५ मिमीचा बिट आखूड असतो, पट्टीतून फळीपर्यंत पोचतच नाही. म्हणून पट्टी जागेवर धरून भोकातून एक लांब खिळा घाला, हातोडीने हलकी टिचकी मारा आणि पट्टी काढून घ्या. दोन्ही पट्ट्यांचं झालं की फळ्यांवर मिळून बारा ठिपके उमटलेले दिसतील. त्या ठिपक्यांवर १० मिमी खोल भोकं पाडा. बिटला टोकापासून १० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळलीत की किती खोल गेलो ते कळतं. सागाला ३ मिमीचा बिट घ्या, नाही तर स्क्रूचं डोकं पिळवटून तुटतं.

स्क्रू फळीत साधारण १२ मिमी शिरतो आणि वर पाच-सहा मिमी लाकूड शिल्लक राहतं. म्हणून पट्टी ४० मिमीपेक्षा कमी उंच करू नका, टोक वर येईल. स्क्रू आवळताना पट्टी आणि फळी एकमेकींना टेकली की थांबा. अजून पिळलं तर मऊ लाकडात आटे सुटतात.

पाट उलटून लादीवर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून दाबा. डुगडुगत असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर लादीवर पसरून त्यावर पाट पुढे-मागे घासा. उंच असलेला कोपराच आधी झिजतो. एका कोपऱ्याखालची फट दोन मिमीहून जास्त असेल तर फळीत पीळ आहे. ती फळी बदला, घासून भागणार नाही.

तेल आणि फडकं

८० ने सुरू करून १२० आणि शेवटी २२० नंबरने, तंतूंच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर तेल लावल्यावर सगळे ओरखडे उठून दिसतात. मग जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा, पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं पुसून घ्या. खालची बाजूही तेवढीच तेलवा, नाही तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. फळ्यांच्या टोकांना दोनदा लावा, ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो. कच्चं तेल सुकायला दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. हाताला चिकटायचं थांबेपर्यंत त्यावर बसू नका.

तेलाचं फडकं चुरगाळून टोपलीत कधीही टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण करतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हा पाट बसायला, पूजेला, मूर्ती ठेवायला आहे. बल्ब बदलायला त्यावर उभे राहू नका. पाईनचा असेल तर न्हाणीघरातही नको, तिथे तो कुजेल. हीच रचना लहान केली की कुंडीखाली ठेवायचा घोडा होतो. त्याला फटी पाच मिमी ठेवा, पाणी निथळून जातं.

फळीत पीळ आहे की नाही याची खात्री होत नसेल, तर कापायच्या आधी ती घेऊन या. दोन सरळ पट्ट्या तिच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एका कडेवरून नजर लावली की लगेच दिसतं, आम्ही तुमच्यासमोर बघून सांगू.