४६८ अंशांवर पितळेच्या आत काय होते

भांड्यांच्या पितळेत जस्त साधारणपणे चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असते. तांबे आणि जस्ताचे अणू जवळजवळ निम्मे-निम्मे झाले की स्फटिकाची रचना बदलते आणि मिळते ते बीटा पितळ. त्यातला प्रत्येक अणू एका घनाच्या केंद्रावर किंवा कोपऱ्यावर बसलेला असतो. केंद्राला लागून आठ कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्याला लागून आठ केंद्रे. शेजारी दुसऱ्या जातीचा असला की ऊर्जा कमी लागते. म्हणून थंड पितळेत तांबे सगळे कोपऱ्यांवर आणि जस्त सगळे केंद्रांवर (किंवा नेमके उलट) अशी मांडणी होते. तापवल्यावर अणू जागा बदलू लागतात, आणि सुमारे ४६८ अंश सेल्सिअसला कुठल्या जागी कोण बसणार याला काही नियमच उरत नाही. पितळ मात्र घनच असते, वितळलेले नसते.

ही शिस्त आकड्यात मांडता येते. कोपऱ्यांच्या शंभर जागांपैकी नव्वदांवर तांबे आणि दहांवर जस्त असेल, तर नव्वदातून दहा वजा करून शंभराने भागायचे: क्रम ०.८. सगळे अणू आपापल्या जागी असतील तर १, निम्मे-निम्मे असतील तर ०. हाच दीर्घ पल्ल्याच्या क्रमाचा प्राचल. दीर्घ पल्ल्याचा म्हणण्याचे कारण असे की एका कोपऱ्यावर तांबे दिसले, तर लाखो अणू ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावरही बहुधा तांबेच असेल, असा अंदाज त्यातून बांधता येतो.

१९३४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग आणि ई. जे. विल्यम्स यांनी या क्रमाचे गणित मांडले. त्यातला कळीचा विचार मला फार सुंदर वाटतो. चुकीच्या जागी जायला अणूला किती ऊर्जा लागेल, हे भोवतालच्या शिस्तीवर अवलंबून असते. काही अणू चुकीच्या जागी गेले की शिस्त ढिली होते, त्यामुळे पुढच्या अणूला चुकणे स्वस्त पडते, आणि तो चुकला की आणखी स्वस्त. म्हणून क्रम आधी हळूहळू कमी होतो आणि शेवटी कोसळतो. त्यांच्या समीकरणाप्रमाणे खोलीच्या तापमानाला शंभर कोपऱ्यांपैकी जेमतेम एकावर चुकीचा अणू असतो. ४०० अंशांना क्रम ०.५ च्या आसपास, म्हणजे पंचवीस अणू चुकीचे. ४६० ला क्रम ०.२ च्याही खाली. तिथून वर अवघ्या आठ अंशांत शून्य.

हे प्रत्यक्ष मोजायचे कसे? क्रमबद्ध स्फटिकातून किरण विखुरले की काही जादा ठिपके मिळतात. त्यांची तीव्रता क्रमाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि क्रम गेला की ते ठिपकेही जातात. अडचण अशी की क्ष-किरण इलेक्ट्रॉन पाहतात आणि तांब्यात २९, तर जस्तात ३० इलेक्ट्रॉन. फरक एकाचाच, त्यामुळे क्रम पूर्ण असतानाही जादा ठिपके मुख्य ठिपक्यांच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाइतके फिके. न्यूट्रॉन अणुकेंद्रकावरून विखुरतात. त्यांना हे दोन अणू बरेच वेगळे दिसतात आणि प्रमाण सुमारे त्रेचाळिसाव्या भागावर येते. मोजमाप मात्र भट्टीत, तापलेल्या स्थितीतच करावे लागते. पितळ एकदम पाण्यात बुडवून आतली बेशिस्त गोठवता येत नाही, कारण निवता निवता अणू आपापल्या जागी परततात.

१९६७ मध्ये डेन्मार्कचे येन्स आल्स-नील्सन आणि ओ. डब्ल्यू. डीट्रिख यांनी न्यूट्रॉनने हा उतार मोजला. क्रम जिथे शून्य होतो ते ४६८ अंश म्हणजे क्रांतिक तापमान; त्याच्याजवळ क्रम तिथपर्यंत उरलेल्या अंतराच्या एका घातांकाने घटतो. ब्रॅग-विल्यम्सप्रमाणे तो घातांक ०.५, तर मोजणीत मिळाला ०.३०५. म्हणजे क्रांतिक तापमानापासूनचे अंतर शंभरावा भाग केले, तर गणित म्हणते की क्रम दहावा भाग होईल. प्रत्यक्षात मात्र साधारण एक-चतुर्थांश क्रम शिल्लक असतो. पितळ शेवटपर्यंत शिस्त टिकवते आणि मगच, अधिक तीव्र उतारावरून, ती सोडते.

ही तफावत सरासरीमुळे पडते. ब्रॅग-विल्यम्सच्या गणितात प्रत्येक अणूला सगळ्या स्फटिकाची सरासरी शिस्त जाणवते. खऱ्या अणूला मात्र फक्त त्याचे आठ शेजारी माहीत असतात, आणि क्रांतिक तापमानाजवळ कुठे तांबे कोपऱ्यांवर, कुठे जस्त कोपऱ्यांवर असे लहानमोठे पट्टे उमटत-पुसत राहतात. सरासरीत हे पट्टे हरवतात. ४६८ अंशांच्या वर दूरवरचा क्रम शून्य झाला, तरी तांब्याला शेजारी जस्तच अधिक मिळते. त्यामुळे क्रम मोडताना वाढलेली पितळेची विशिष्ट उष्णता क्रांतिक तापमान ओलांडल्यावरही एकदम पूर्ण खाली येत नाही. हे उरलेसुरले शेजार मोडायलाही उष्णता खर्च होत राहते.