पुरवणी जबाब की पुरवणी दोषारोपपत्र?

समजा, नागपुरात मनीषनगरच्या एका घरात चोरी झाली. घरमालकाने त्याच रात्री फिर्याद दिली आणि दोन पाटल्या व एक मोबाईल गेल्याचे लिहून दिले. चार दिवसांनी कपाट आवरताना कळले की मंगळसूत्रही नाही, आणि मोबाईलच्या आयएमईआय क्रमांकातला एक अंक चुकला आहे. लोक ठाण्यात जाऊन म्हणतात, "एफआयआर दुरुस्त करून द्या." तशी सोय नाही. फिर्यादीवर सही झालेली असते आणि तिची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे रवाना होते. ठाण्यातल्या प्रतीत कोणी खाडाखोड केली, तर दोन प्रती जुळणार नाहीत, आणि बचाव पक्षाचा वकील पहिले बोट तिथेच ठेवेल. त्याच चोरीची दुसरी एफआयआरही सहसा चालत नाही. टी. टी. अँटनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच ते सांगितले आहे.

इथे लागतो पुरवणी जबाब. तो फिर्यादी किंवा साक्षीदार देतो आणि तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली नोंदवतो. तपास अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. त्यात अपराध क्रमांक, आधी काय लिहिले, बरोबर काय आणि ते आत्ता का कळले, हे चार वाक्यांत मांडा. सोबत सराफाचे बिल आणि मोबाईलच्या खोक्यावरचा 15 अंकी आयएमईआय जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, कारण या जबाबावर तुमची सही घेतली जात नाही (कलम 181). तुम्ही कधी, काय कळवले याचा तुमच्या हातातला पुरावा ती पोचच असते. जबाब मात्र वाचून दाखवायला सांगा.

उशिराचे कारण लिहिणे ही औपचारिकता नव्हे. मंगळसूत्र उशिरा लक्षात येणे पटते. पण आधी "अनोळखी चोर" म्हणून महिनाभराने शेजाऱ्याचे नाव घेतले, तर उलटतपासणीत ती सुधारून सांगितलेली गोष्ट ठरू शकते. मूळ फिर्याद तर तशीच समोर असते.

पुरवणी दोषारोपपत्र हे पोलिसांचे कागद. मूळ दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यानंतर, समजा, मंगळसूत्र एका सराफाकडे सापडले, तर पोलीस कलम 193(9) खाली पुढील तपास करून नवा पुरावा पुरवणी अहवालाने दाखल करतात. खटला सुरू झाला असेल तर न्यायालयाची परवानगी लागते आणि हा तपास 90 दिवसांत संपवायचा असतो. मुदत न्यायालयच वाढवते. पहिले दोषारोपपत्र रद्द होत नाही, दोन्ही एकत्र वाचली जातात. फिर्यादी हे कागद स्वतः दाखल करू शकत नाही. त्याने नवी माहिती लेखी तपास अधिकाऱ्याला द्यायची, आणि तिथे दाद लागली नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करायचा.